भाच्यासाठी बुद्धिबळाची भेट: पट, घड्याळ की पुस्तक?

अनघा_क
मंडळी, मदत हवी आहे. भाचा पुढच्या महिन्यात तेरा वर्षांचा होईल. तो स्पर्धा खेळतो आणि त्याचं फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं, रेटिंग १४८० आहे, असं ताई फोनवर दर वेळी सांगते. मला बुद्धिबळातलं घोडा अडीच घरं चालतो एवढंच ठाऊक. त्याच्याकडे घडीचा एक छोटा चुंबकीय पट आहे, बाकीचा सराव सगळा मोबाइलवर. मी एक संगमरवरी संच बघून ठेवलाय. पांढऱ्या-हिरव्या सोंगट्या आहेत, दिवाणखान्यात ठेवला तर शोभून दिसेल. पण हे म्हणतात, पोराला विचारल्याशिवाय घेऊ नकोस, आणि विचारलं तर गंमत काय राहिली? घड्याळ आणि पुस्तकं हेही पर्याय डोक्यात आहेत. काय घ्यावं?

अर्धविराम
दिवाणखाना भाच्याचा की तुमचा, यावर उत्तर अवलंबून आहे.

तिरका_उंट
अर्धविरामांनी गमतीत खरी गोष्ट सांगितली. मी बरीच वर्षं स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा असतो. संगमरवरी संच स्पर्धा खेळणारी मुलं पहिले दोन दिवस हाताळतात आणि मग तो शोकेसमध्ये जातो. सोंगट्या जड असतात आणि पटावर घसरतात. घड्याळ चालू असताना घाईत ठेवलेला हत्ती शेजारच्या प्याद्यावर आपटला की कपचा उडतो. सगळ्यात आधी जातात घोड्याचे कान आणि राजाच्या डोक्यावरचा क्रॉस. शिवाय हिरवं-पांढरं बघायला छान वाटलं तरी तीन तास त्याच्याकडे टक लावून बसायचं असेल तर डोळे थकतात. गुळगुळीत दगडावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, तेही त्रासदायक.

सैनिक, राजे-महाराजे, पौराणिक पात्रं अशा आकारांचे संचही नकोत. त्यात वजीर कोणता आणि उंट कोणता हे दर चालीला शोधावं लागतं. स्पर्धेत स्टॉन्टन घाटाच्या सोंगट्या असतात. १८४९ साली हा घाट इंग्लंडमध्ये बाजारात आला आणि आजपर्यंत टिकला, कारण दुरून नुसती बाह्यरेषा दिसली तरी सोंगटी ओळखू येते. मुलाचा हात आणि डोळा ज्यावर बसलेत तेच घरी असू द्या.

मीनल_दे
माझाही हाच प्रश्न आहे! माझ्या नवऱ्याला स्ट्रॅटेजी गेम्सचं वेड आहे, पण बुद्धिबळ म्हटलं की तोंड वाकडं करतो. शनिवारी चार-पाच मित्र जमतात. त्याला मोठा पट दिला तर आवडेल का?

अर्धविराम
मीनलताई, बुद्धिबळ न आवडणाऱ्याला बुद्धिबळाचा मोठा पट? घटस्फोटाची तयारी चाललीय का?

तिरका_उंट
मीनल, चार-पाच जण बसणार असतील तर दोघांचा खेळ देऊन उपयोग नाही, तिघं बघत बसतील. त्या मंडळींसाठी वेगळा धागा काढा, तिथे जाणकार भेटतील. एखाद्या मित्राबरोबर निवांत बसून खेळायचं असेल तर मात्र गो बघा. १९ बाय १९ रेषांचा पूर्ण पट नवख्याला अंगावर येतो. ९ बाय ९ चा छोटा पट घ्या, डाव लवकर संपतो आणि नियम एका बैठकीत कळतात. आता अनघाताईंकडे परत.

जुनेजाणते
मी लाकडाशिवाय दुसरं काही सुचवणार नाही. तेही अखंड लाकूड. वरून पातळ पापुद्रा चिकटवलेले पट म्हणजे फसवणूक. आणि घड्याळ घ्यायचं तर चावीचं घ्या. दोन तबकड्या, लाल झेंडी, टिकटिक. त्या टिकटिकीने वेळेची शिस्त लागते. आम्ही त्यावरच शिकलो. हे आकडे लुकलुकणारे डबे बॅटरी संपली की गप्प.

तिरका_उंट
काका, सोंगट्या लाकडी असाव्यात हे मान्य, खर्चाची तयारी असेल तर. पण पटाच्या बाबतीत मी उलट सांगेन. अखंड लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. बनवणाऱ्याने त्यासाठी जागा ठेवली नसेल तर वर्षभरात पट मधे उचलला जातो किंवा दोन घरांच्या मधे फट पडते. दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीवर खऱ्या लाकडाचा पातळ थर चिकटवलेला पट सपाट राहतो. स्पर्धेतले चांगले लाकडी पटही बऱ्याचदा तसेच असतात. त्यात फसवणूक काही नाही.

चावीच्या घड्याळाचं मात्र वेगळं सांगावं लागेल. मुलगा आज जे खेळतो ते त्यावर खेळताच येत नाही. थोडं सविस्तर लिहितो, कारण भेट द्यायची म्हणून घड्याळ घेणारे इथेच अडकतात.

आता बहुतेक गंभीर स्पर्धांमध्ये प्रत्येक चालीला वेळ वाढून मिळतो, त्याला इन्क्रिमेंट म्हणतात. समजा ९० मिनिटं आणि चालीला ३० सेकंद असा डाव आहे. साठ चालींपर्यंत गेला तर ३० सेकंद गुणिले साठ, म्हणजे आणखी अर्धा तास खेळाडूच्या खात्यात जमा होतो. वेळ संपत आली तरी दर चालीला अर्धं मिनिट हातात असतंच, त्यामुळे शेवटचा खेळ खेळायची पद्धतच बदलते. चावीच्या घड्याळाचे काटे वेळ वाढवूच शकत नाहीत. चालीला वेळ वाढवायची ही कल्पना माजी विश्वविजेता बॉबी फिशरची. त्याने १९८० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं आणि १९९२ मध्ये स्पास्कीबरोबरच्या सामन्यात ते घड्याळ वापरलं गेलं.

जुनेजाणते
पाच मिनिटांचे फटाफट डाव खेळायला चावीचं घड्याळ उत्तम आहे, एवढं तरी मान्य करा.

तिरका_उंट
गप्पांच्या डावांना उत्तम आहे, मान्य. पण पोराला रॅपिडचा सराव १५ मिनिटं आणि १० सेकंदांवर करायचा असेल, ब्लिट्झचा ३ मिनिटं आणि २ सेकंदांवर, तर ते शोभेची वस्तू होईल.

सोंगटी_आई
माझी मुलगी खेळते, म्हणून आमच्या घरचा अनुभव सांगते. काही स्पर्धांमध्ये घड्याळ आयोजक देतात, काही ठिकाणी खेळाडूने स्वतःचं आणायचं असतं. आमच्याकडे घरचं घड्याळ आल्यावर एक फरक पडला. मोबाइलवर खेळताना ती वेळेचं भान स्क्रीनवर ठेवायची. समोर पट असला की चाल करून त्याच हाताने कळ दाबायची असते, ते ती विसरायची. घरी बाबांबरोबर खेळून खेळून ते हातात बसलं. अनघा, ताईंना विचार त्यांच्याकडे घड्याळ आहे का. त्यात गंमत जात नाही, मुलाला कुठे विचारतेयस?

अनघा_क
विचारलं. घड्याळ नाही. पण आता एक डिजिटल घड्याळ सापडलंय, वर्णनात "चेस टायमर, काउंटडाउन, अलार्म" असं लिहिलंय. चालेल?

तिरका_उंट
नुसतं काउंटडाउन म्हणत असतील तर शंका येते. बरीच स्वस्त घड्याळं फक्त उलटं मोजतात. काहींवर इन्क्रिमेंट असं लिहिलेलं असतं पण आत वेगळाच प्रकार असतो, चालीच्या सुरुवातीला दोन-तीन सेकंद वेळ थांबवून ठेवायचा. त्याला डिले म्हणतात. खेळायला तोही ठीक आहे, पण भाच्याच्या स्पर्धेतला नव्हे.

ओळखायचं असं. घड्याळ ३ मिनिटं, २ सेकंद असं लावा. सुरू करा आणि दोन्ही बाजूंच्या कळा आलटून पालटून पटापट दाबत राहा, प्रत्येक बाजूला सेकंदभरही जाऊ देऊ नका. खरं इन्क्रिमेंट असेल तर दोन्हीकडचे आकडे चढत जातील, ३:०५, ३:०६ असे. डिले असेल तर आकडा तीन मिनिटांच्या वर कधीच जाणार नाही. दुकानात उभ्या उभ्या करता येतं. मागवत असाल तर विकणाऱ्याला तेवढाच व्हिडिओ पाठवायला सांगा.

आणखी एक बघा: डाव चालू असताना घड्याळ थांबवून वेळ हाताने दुरुस्त करता येते का. पंच कधी दोन मिनिटं वाढवून देतो, तेव्हा हे लागतं. घरीही कोणी दार वाजवलं की लागतंच. बॅटरी साध्या पेन्सिल सेलची असावी. महिनोन्महिने वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, फुटले की आतली पत्री खराब होते.

शुभदा_प
थोडं वेगळं विचारते. माझ्या मावसभावाला अगदी कमी दिसतं, पण बुद्धिबळ त्याला फार आवडतं. अशांसाठी पट मिळतो का, की आपणच काहीतरी चिकटवून करायचा?

तिरका_उंट
मिळतो, आणि स्पर्धेतही चालतो. त्यात काळी घरं किंचित उंच असतात आणि प्रत्येक घराच्या मधे भोक असतं. सोंगटीच्या तळाला खुंटी असते, ती भोकात बसते, त्यामुळे बोटांनी चाचपताना काही हलत नाही. काळ्या सोंगट्यांवर ओळखीची वेगळी खूण असते, बहुतेक वेळा डोक्यावर छोटा टोकदार खिळा. स्पर्धेत दोघांसमोर दोन वेगळे पट असतात आणि चाल तोंडाने सांगायची असते. भावाला घेऊन गेलात तर प्यादं आणि उंट हातात देऊन फरक चटकन कळतो का ते पाहा. काही संचांत ते फारच सारखे लागतात.

शुभदा_प
खूप खूप आभार! हे माहीतच नव्हतं.

अनघा_क
बरं, संगमरवर रद्द. एक लाकडी संच बघितलाय. पट १८ इंची, राजा पावणेचार इंची, "स्पर्धेचं माप" असं लिहिलंय. विकणाऱ्याकडून मापं मागवली: पट बाहेरून ४५ सेंमी, एक घर ४.५ सेंमी, राजाचा तळ ४.२ सेंमी, प्याद्याचा तळ २.७ सेंमी. योग्य आहे का?

तिरका_उंट
शाबास, मापं मागवलीत! आता हिशेब करू.

राजा पावणेचार इंच म्हणजे साडेनऊ सेंमी. फिडेने सुचवलेली उंची हीच आहे. म्हणजे सोंगट्या बरोबर. गडबड पटात आहे. ४५ सेंमी हे किनारीसकट माप. चारही बाजूंना साडेचार सेंमीची रुंद किनार आहे, ती गेली की खेळायला ३६ सेंमी उरतात. भागिले आठ, घर ४.५ सेंमी. त्यात ४.२ सेंमीचा राजा म्हणजे घराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग भरला. शेजारी वजीर ठेवा, बोटं घालायला जागाच नाही. हत्ती उचलताना उंट पडेल, आणि मग कोणती सोंगटी आधी हाताला लागली यावरून वाद.

सोपी चाचणी: एका घरात चार प्यादी दोन-दोनच्या रांगेत जेमतेम बसली पाहिजेत. तुमची प्यादी २.७ सेंमीची, दोन शेजारी म्हणजे ५.४ सेंमी. घर ४.५ चं, नाही बसणार. साडेपाच सेंमीच्या घरात हीच चार प्यादी बरोबर बसतात, आणि राजा घराचा साधारण पाऊण भाग घेतो. खेळायला आणि बघायलाही तेच बरं वाटतं. त्यामुळे हा संच नको, किंवा सोंगट्या इथून आणि पट वेगळा घ्या. पट घेताना बाहेरचं माप विचारू नका, एका घराचं विचारा.

सोंगटी_आई
+१. मी तर म्हणेन पट लाकडी नकोच. गुंडाळता येणारा रेक्झिनचा किंवा सिलिकॉनचा पट घे, साडेपाच सेंमी घरांचा, बाजूला अक्षरं-आकडे छापलेले. पिशवीत राहतो, वर काही सांडलं तर पुसता येतो. आमच्या घरी लाकडी आणि गुंडाळायचा दोन्ही आहेत. लाकडी पट भेट म्हणून आला होता, भिंतीला टेकून उभा आहे. रोज वापरला जातो तो गुंडाळायचाच.

जुनेजाणते
भेट म्हणून रेक्झिन? उलगडताना पोराचा चेहरा बघवणार नाही.

सोंगटी_आई
काका, चेहरा सोंगट्यांनी खुलतो. वजनदार प्लास्टिकच्या घेतल्या तरी.

तिरका_उंट
वजनाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सोंगटीच्या तळात लोखंड किंवा शिसं भरलेलं असतं, ते नसेल तर सोंगट्या कवड्यांसारख्या उडतात. घरी आल्यावर प्रत्येक सोंगटी हातात घ्या, कानाजवळ नेऊन हलवा. खुळखुळ ऐकू आली तर आतलं वजन सुटलंय, बदलून मागा. मग टेबलावर ठेवून बोटाने जरा तिरकी करा आणि सोडा. चांगली सोंगटी डोलून परत उभी राहते. तळाची फेल्ट कडेपर्यंत नीट चिकटलेली आहे का तेही पाहा. लाकडी असतील तर तळाच्या कडेला केसाएवढी चीर आहे का बघा. लाकूड आकसतं, आतलं वजन आकसत नाही, त्यामुळे चीर तिथून सुरू होते. काळ्या एबनीत हे जास्त.

आणि सोंगट्या मोजा. चांगल्या संचात ३४ असतात, दोन्ही रंगांचा एकेक वजीर जास्तीचा. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हत्ती उलटा ठेवून वजीर समजणं घरी चालतं, स्पर्धेत तो हत्तीच धरला जातो.

अर्धविराम
माझ्या काकांच्या घरी जास्तीचा वजीर म्हणून बाटलीचं बूच आहे. खूप डाव जिंकलंय ते.

अनघा_क
:) बरं, पुस्तकाचं सांगा. ताईने त्याच्या मागच्या स्पर्धेच्या नोंदींचे कागद फोटो काढून पाठवलेत. मला काही कळत नाही, पण एक डाव ६८ चालींचा आहे आणि शेवटी दोघांकडे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी होती. तो हरला. ताई म्हणते, असे शेवटचे डाव तो नेहमी हरतो. एक मित्र म्हणाला ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचं, जाडजूड पुस्तक दे.

तिरका_उंट
ओपनिंगचं पुस्तक भेट देऊ नका. तो काय खेळतो हे ठाऊक नसताना दिलेलं पुस्तक त्याच्या कामाचं असण्याची शक्यता फार कमी. ६८ चालींपर्यंत डाव नेणारा मुलगा ओपनिंगमध्ये हरत नाहीये. त्याला हत्ती-प्याद्यांचा शेवट शिकवणारं पुस्तक हवं.

जेरेमी सिल्मन यांचं २००७ चं एंडगेमचं पुस्तक यासाठी बरोबर बसतं, कारण ते रेटिंगप्रमाणे विभागलेलं आहे. आपल्या पातळीपर्यंत वाचायचं आणि थांबायचं. मार्क ड्वोरेत्स्की यांचं एंडगेमचं पुस्तक प्रसिद्ध आहे, पण ते इतक्यात नको, मोठमोठे खेळाडू त्यात घाम गाळतात.

घोडेस्वार_७
सिल्मनला मीही मत देतो. १४८० म्हणजे १४०० ते १५९९ चा विभाग, तिथून सुरू कर म्हणावं.

तिरका_उंट
घोडेस्वार, पुस्तक बरोबर सांगितलंत, पण विभाग नाही. मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० च्या खालची सगळी रेटिंग्ज एकदम वर उचलली आणि किमान रेटिंग १००० वरून १४०० केलं. २००० पासून जितके गुण कमी, त्याच्या चाळीस टक्के वाढवून दिले. उलटा हिशेब केला तर आजचे १४८० म्हणजे जुन्या मोजणीत ११३३ च्या आसपास. सिल्मनचं पुस्तक त्याच्या कितीतरी आधीचं, शिवाय त्यातले आकडे अमेरिकी रेटिंगचे. मी त्याला १००० ते ११९९ च्या विभागापासून सुरू करायला सांगेन. तो भाग पटकन संपला तर उत्तमच. वरच्या विभागाने सुरुवात केली तर तिथे मागचं सगळं येतं असं धरून चाललेलं असतं.

घोडेस्वार_७
हे मान्य नाही. हल्लीची मुलं मोबाइलवर इतकी कोडी सोडवतात की खरी ताकद रेटिंगच्या वर असते. ११०० चा भाग दिला तर कंटाळून पुस्तक ठेवून देईल.

तिरका_उंट
कोडी सोडवून डावपेच येतात, हत्तीचे शेवट येत नाहीत. कागदच सांगतायत. पण कंटाळ्याची भीती खरी आहे, त्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. मुलामुलावर आहे.

जुनेजाणते
माझ्याकडे जुनी पुस्तकं आहेत, त्यातलं एखादं देऊ का? अनघा, तुम्हाला पाठवतो.

तिरका_उंट
काका, द्यायच्या आधी एक पान उघडून बघा. चाली e4, Nf3 अशा लिहिल्या असतील तर द्या. P-K4, N-KB3 अशा असतील तर आजच्या मुलाला ते वाचता येणार नाही. त्या पद्धतीत एकाच घराला पांढऱ्याकडून एक नाव आणि काळ्याकडून दुसरं. पांढऱ्याचं K4 म्हणजे काळ्याचं K5. फिडेने ती १९८१ पासून मान्य करणं सोडलं. नवीन पुस्तक मागवतानाही हे तपासा, काही जुनी पुस्तकं तशीच पुन्हा छापलेली असतात.

जुनेजाणते
सगळी P-K4 चीच आहेत. तरी एक पाठवतोच. ती लिपी शिकायला पोराला एक संध्याकाळ पुरेल, आणि त्या पुस्तकांत जी मजा आहे ती या आकड्यांच्या हिशेबात नाही.

सोंगटी_आई
अनघा, सोबत एक नोंदवही दे, कार्बन प्रत निघणारी. चालीला ३० सेकंद वाढणाऱ्या डावात शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात, वेळ कमी उरली तरी सवलत नाही. घरच्या डावांतही लिहायची सवय लागते, आणि हरलेला डाव नंतर सरांना दाखवता येतो. त्या ६८ चालींचा डाव आपल्याला कळला तो लिहिला होता म्हणूनच.

अनघा_क
ठरलं. साडेपाच सेंमी घरांचा गुंडाळायचा पट, वजनदार प्लास्टिकच्या ३४ सोंगट्या, सिल्मनचं पुस्तक आणि नोंदवही. घड्याळ ताई आणि मी मिळून घेतोय. विकणाऱ्याने कळा दाबतानाचा व्हिडिओ पाठवला, आकडे ३:०४ पर्यंत चढले. काका, तुमचं पुस्तकही चालेल, पत्ता व्यनि करते. फक्त एक राहिलं: पट नळीत गुंडाळून आला तर कडा वळलेल्या राहतात, त्यावर सोंगट्या डुगडुगतील ना?

सोंगटी_आई
उलटा गुंडाळ, म्हणजे छापील बाजू बाहेर, आणि रात्रभर ठेव. सकाळी सपाट. रेक्झिनचा असेल तर. सिलिकॉनचा तसाच पसरतो.

तिरका_उंट
रेक्झिनचा उन्हात मात्र ठेवू नका, कडा कायमच्या वळतात.

मीनल_दे
तो गोचा ९ बाय ९ पट मागवला बरं का. आता नवरा म्हणतोय, माझ्याबरोबर कोण खेळणार? नियम कुठे मिळतील?